बीम, कॉलम आणि सळया: आरसीसी ड्रॉइंग हातात घेऊन साइट कशी तपासायची

घर बांधायला काढलं की आर्किटेक्टचे प्लॅन घरातले सगळेजण पुन्हा पुन्हा उघडून पाहतात, कारण त्यात देवघर कुठे आणि खिडकी कुठे हे दिसतं. आरसीसीची ड्रॉइंगं मात्र साइटवरच्या सिमेंटच्या खोलीत गुंडाळून पडलेली असतात. कधी मालकाने उघडलीच, तरी रेघांचं जाळं आणि त्यावरचे `B4`, `C5`, `8Ø` असले उल्लेख पाहून तो ती परत गुंडाळून ठेवतो. डिझाइन बरोबर आहे की नाही हे ठरवायला इंजिनिअरच लागतो आणि ते तुम्ही ठरवूही नये. पण कागदावर जेवढं लोखंड लिहिलंय तेवढंच, त्याच जागी, सेंटरिंगमध्ये बांधलंय का हे मोजायला टेप, खडू आणि मोबाइल पुरतो.

इथे एकच बीम आणि एकच कॉलम घेऊन कागदापासून साइटपर्यंत जाऊ. घर नेहमीचं: तळमजला आणि वर एक मजला, पुण्याच्या आसपासचा प्लॉट. आकडे नमुन्याचे आहेत. तुमच्या घराला तुमच्या शीटवरचेच आकडे लागू.

आधी शीट बरोबर आहे का ते बघा

शीटच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असते. त्यात तीन गोष्टी शोधा. पहिली, शीट कोणत्या पातळीची आहे: सेंटर लाइन, फुटिंग, प्लिंथ बीम, पहिला स्लॅब, वरचा स्लॅब. दुसरी, आवृत्ती, म्हणजे `R0`, `R1`, `R2`. तिसरी, `GOOD FOR CONSTRUCTION` किंवा नुसतं `GFC` असा शिक्का. शिक्का नसलेली शीट चर्चेसाठी पाठवलेली असू शकते. साइटवर `R0` चिकटवलेली आणि तुमच्या मोबाइलमध्ये `R2`, असं सर्रास होतं. मधल्या काळात जिना सरकलेला असतो किंवा एखादी खोली मोठी झालेली असते आणि बार बेंडर जुन्याच कागदावर सळया कापत असतो.

पातळी बघण्याचं आणखी एक कारण आहे. बीमचे नंबर प्रत्येक पातळीला पुन्हा एकपासून सुरू होऊ शकतात. प्लिंथचा `B4` वेगळा आणि पहिल्या स्लॅबचा `B4` वेगळा. काही इंजिनिअर प्लिंथच्या बीमला `PB` लावतात, काही लावत नाहीत. आणि पहिल्या स्लॅबच्या शीटवर दिसणारे बीम म्हणजे तळमजल्यात उभं राहून मान वर केल्यावर डोक्यावर दिसणारे बीम. स्लॅबच्या खाली झाकलेले असल्यामुळे ते बहुधा तुटक रेघांनी काढतात.

कागदावर पट्टी लावून मापं काढू नका. प्रिंट लहानमोठी होते. आकडा लिहिलेला असेल तोच धरायचा, आणि लिहिलेला नसेल तर विचारायचा. मापं बहुतेक मिलिमीटरमध्ये असतात, त्यामुळे ३९०० म्हणजे ३.९ मीटर.

कॉलम: नाव, आकार आणि दिशा

प्लॅनवर कॉलम म्हणजे भरीव आयत, शेजारी `C1`, `C2` असं नाव. त्यांतून जाणाऱ्या लांब रेघांच्या टोकाला गोलात `A`, `B`, `C` आणि `1`, `2`, `3` असतं. या ग्रिडच्या रेघा. साइटवर उभं राहून "हा कॉलम कोणता" हे ओळखायचं असेल तर प्रवेशद्वाराच्या बाजूच्या कोपऱ्यातून ग्रिड मोजत जा आणि प्रत्येक कॉलमच्या शटरिंगवर खडूने नाव लिहा. पुढची सगळी तपासणी त्या नावांवर चालते.

मग कॉलम शेड्यूल. आपल्या नमुन्यात ते असं आहे:

```
MARK        SIZE     LEVEL                 BARS           RINGS
C2,C5,C8    300x450  FOOTING TO 1ST SLAB   8-16Ø          8Ø @ 75 / 150
                     1ST SLAB TO TOP SLAB  4-16Ø + 4-12Ø  8Ø @ 70 / 150
```

पहिल्या ओळीचा अर्थ: `C2`, `C5` आणि `C8` हे तिन्ही कॉलम सारखे. फुटिंगपासून पहिल्या स्लॅबपर्यंत १६ मिमी जाडीच्या ८ उभ्या सळया, त्यांना ८ मिमीच्या रिंगा. रिंगांचं अंतर दोन प्रकारचं: वरच्या आणि खालच्या टोकाजवळ ७५ मिमी, मधल्या भागात १५० मिमी. टोकाचा भाग किती लांबीचा धरायचा हे शेजारच्या उभ्या आकृतीत दिलेलं असतं. आपल्या कॉलमला तो ४५० मिमी आहे. भूकंपात कॉलम आधी टोकांजवळ फुटतो, म्हणून रिंगा तिथे दाट. पुणे आणि मुंबई आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या २०१६ च्या भूकंप नकाशात झोन तीनमध्ये येतात आणि तिथे आयएस १३९२० चे हे दाट रिंगांचे नियम पाळावे लागतात.

दुसऱ्या ओळीत वरच्या मजल्यावर लोखंड कमी झालंय आणि दोन जाडीच्या सळया आल्यात. अशा वेळी जाड सळया चार कोपऱ्यांत आणि बारीक सळया मधे येतात. शेजारच्या छेदात ते ठिपक्यांनी दाखवलेलं असतं. तोच छेद आणखी एक गोष्ट सांगतो. आठ सळयांच्या कॉलमला एकच बाहेरची रिंग पुरत नाही. मधल्या सळयांना धरायला आत दुसरी रिंग किंवा आडव्या पिना काढलेल्या दिसतील. साइटवर हीच आतली रिंग गाळली जाते, कारण ती बांधायला वेळ लागतो आणि बाहेरून ती नसल्याचं दिसत नाही.

आता दिशा. ३०० गुणिले ४५० चा कॉलम प्लॅनवर आडवा आहे की उभा, हे फुटिंगची जाळी बांधून कॉलमच्या सळया उभ्या करतानाच बघायला हवं. तेव्हा हात लावला तर अर्ध्या तासाचं काम. फुटिंगचं काँक्रीट झाल्यावर काहीच उपाय उरत नाही. कॉलम ९० अंशांनी फिरला तर घर ज्या दिशेने ताठ राहावं म्हणून ४५० ची बाजू ठेवली होती, त्याच दिशेने ते लवचिक होतं. शिवाय बीमच्या सळया शिरायला ठेवलेली जागाही बदलते. प्लॅन हातात धरून उत्तर दिशा जुळवा आणि प्रत्येक कॉलमपाशी फक्त एकच प्रश्न विचारा: लांब बाजू रस्त्याला समांतर की काटकोनात?

एक सावध नोंद. अनेक बंगल्यांत कॉलम भिंतीत लपावा म्हणून त्याची एक बाजू २३० मिमी ठेवतात. आयएस १३९२० च्या २०१६ च्या आवृत्तीत कॉलमची लहान बाजू किमान ३०० मिमी मागितली आहे. तुमच्या शेड्यूलमध्ये २३० दिसलं तर साइटवर वाद घालू नका. काम सुरू होण्याआधी इंजिनिअरला लेखी विचारा.

बीम: प्लॅनवरून शेड्यूलकडे

पहिल्या स्लॅबच्या शीटवर `C2` आणि `C5` यांच्या मधल्या बीमवर `B4` लिहिलंय. `C2` बाहेरच्या भिंतीत आहे, `C5` घराच्या मधोमध, आणि त्याच्या पलीकडे त्याच रेषेत `B5` सुरू होतो. शेड्यूलमधली ओळ अशी:

```
BEAM   SIZE      BOTTOM   TOP      EXTRA TOP             STIRRUPS
B4     230x450   3-12Ø    2-12Ø    L: 1-12Ø   R: 2-12Ø   8Ø-2L @ 90 (ENDS), 180 (MID)
```

आकारातला २३० म्हणजे रुंदी आणि ४५० म्हणजे उंची. ही उंची बहुधा स्लॅबच्या जाडीसकट असते. स्लॅब १२५ मिमी असेल तर खाली लोंबणारा भाग ३२५ मिमीच दिसेल. शेड्यूलमध्ये तसं लिहिलेलं नसेल तर विचारून घ्या. खालच्या अंगाला १२ मिमीच्या ३ सळया आणि वरच्या अंगाला १२ मिमीच्या २ सळया, या एका कॉलमपासून दुसऱ्यापर्यंत अखंड. `2L` म्हणजे रिंगेला दोन उभे पाय, म्हणजे साधी चौकोनी रिंग.

आता एक्स्ट्रा टॉप. माझ्या मते घरमालकाने बाकी काही तपासलं नाही तरी हे तपासावं. बीमवर वजन आलं की तो मधे खाली वाकतो आणि त्याचा खालचा भाग ताणला जातो, म्हणून मधे लोखंड खाली लागतं. कॉलमच्या डोक्यावर मात्र तोच बीम उलटा वाकतो आणि वरचा भाग ताणला जातो. म्हणून कॉलमवरून जाताना बीमच्या वरच्या अंगाला जास्तीच्या सळया टाकतात. `R: 2-12Ø` याचा अर्थ उजव्या टोकाला, म्हणजे `C5` वर, आधीच्या २ सळयांशिवाय आणखी २. तिथे वरच्या थरात एकूण ४ सळया मोजता आल्या पाहिजेत. `C2` वर ३.

या सळया आत कुठपर्यंत जायच्या हे "टिपिकल डिटेल" नावाच्या आकृतीत असतं. आपल्या शीटवर कॉलमच्या तोंडापासून `L/4` लिहिलंय. `L` म्हणजे दोन कॉलमांच्या तोंडांमधलं मोकळं अंतर, इथे ३९०० मिमी. त्याचा चौथा भाग ९७५ मिमी, म्हणजे जवळजवळ एक मीटर. साइटवर या सळया दोन-अडीच फुटांवर संपलेल्या दिसतात, कारण उरलेले तुकडे इथे खपवले जातात. `C5` च्या तोंडाशी टेप धरा आणि सळईच्या टोकापर्यंत मोजा.

इथे कागदावरच एक ताळा जुळवून बघता येतो. `C5` वरची जास्तीची सळई सलग असते, अर्धी `B4` मध्ये आणि अर्धी `B5` मध्ये. म्हणून `B4` च्या `R` खाली जे लिहिलंय तेच `B5` च्या `L` खाली असायला हवं. दोन्हींत फरक दिसला तर इंजिनिअरला विचारा. असा फरक टायपिंगमधल्या चुकीमुळेही राहून जातो.

आणि डावं-उजवं ठरवताना गोंधळ होतो. कागदावर आडव्या बीमचं डावं-उजवं उघड आहे. उभ्या काढलेल्या बीमचं नाव बहुधा कागदाच्या उजव्या बाजूने वाचता येईल असं लिहितात. तसं वाचलं की कागदावरचं खालचं टोक डावं होतं. तुमचे इंजिनिअर काय धरतात ते एकदा फोनवर विचारून शीटवर पेनाने लिहून ठेवा. बाहेरच्या भिंतीकडे १ आणि आत २, याच्या उलट बांधलं गेलं तर एकूण लोखंड तेवढंच दिसतं, पण बीम मात्र आतल्या टोकाला कमजोर होतो.

रिंगा मोजायच्या कशा

रिंगांच्या बाबतीत टेपपेक्षा मोजणी बरी. कुठल्याही दोन रिंगांमधलं अंतर मोजलं तर तुम्हाला दाखवलेलीच जागा मोजली जाते. आपल्या बीमचा हिशोब करून बघू.

टिपिकल डिटेलमध्ये टोकाचा भाग `2D` दिलाय, म्हणजे बीमच्या उंचीच्या दुप्पट: ९०० मिमी. पहिली रिंग कॉलमच्या तोंडापासून ५० मिमीवर. तिथून ९० मिमीवर एकेक रिंग टाकत गेलं तर ९०० चा भाग पुरा व्हायला ११ रिंगा लागतात आणि अकरावी ९५० मिमीवर येते. दुसऱ्या टोकाला तशाच ११. मधे उरतं २००० मिमी. १८० मिमीपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही म्हटलं तर तिथे १२ गाळे होतात, म्हणजे आणखी ११ रिंगा. एकूण ३३.

साइटवर न सांगता काय होतं? बार बेंडर संपूर्ण बीमला "सहा इंची" रिंगा टाकतो. सहा इंच म्हणजे साधारण १५० मिमी, आणि त्या हिशोबाने ३३ च्या जागी सुमारे २७ रिंगा बसतात. मधल्या भागात त्या ड्रॉइंगपेक्षा दाट असतात, त्यामुळे वरवर बघून काम चांगलंच वाटतं. टोकाला मात्र ११ च्या जागी ७ असतात. म्हणून नुसती बेरीज पाहू नका. कॉलमपासून ९५० मिमीवर खडूची खूण करा आणि तेवढ्यातल्या रिंगा मोजा.

रिंगेचा आकारही तपासा. आपल्या शीटवर बीमचं कव्हर, म्हणजे रिंगेबाहेर राहणारा काँक्रीटचा थर, ३० मिमी आहे. त्यामुळे रिंगेची बाहेरची मापं २३० मधून ६० वजा जाऊन १७० आणि ४५० मधून ६० वजा जाऊन ३९० यायला हवीत. १९० गुणिले ४१० ची रिंग बनली असेल तर कव्हर २० वर आलंच, मग खाली कितीही ब्लॉक लावा. रिंगा सेंटरिंगवर चढण्याआधी जमिनीवर ढिगात पडलेल्या असतात. तेव्हा दोन-तीन उचलून मोजणं सोपं.

त्याच वेळी रिंगेचं टोक बघा. तार बांधायला सोपं म्हणून टोक काटकोनात वाकवून सोडतात. ड्रॉइंगमध्ये ते १३५ अंशांत, म्हणजे बीमच्या पोटाकडे तिरकं वळलेलं दाखवलेलं असतं, आणि ८ मिमीच्या रिंगेला वळणापुढे किमान ६५ मिमी सरळ टोक लागतं. काटकोनातलं टोक भूकंपात बाहेरचं काँक्रीट सुटलं की उघडतं आणि रिंग निकामी होते.

शीटच्या कडेच्या नोटा

```
CONCRETE: M25      STEEL: Fe 500D
COVER: FOOTING 50, COLUMN 40, BEAM 30, SLAB 20
LAP: 50d
```

कव्हर म्हणजे सळईच्या बाहेरच्या अंगापासून काँक्रीटच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, आणि ते सगळ्यात बाहेरच्या लोखंडापासून, म्हणजे बीम-कॉलममध्ये रिंगेपासून मोजायचं. त्यासाठी त्याच जाडीचे काँक्रीटचे ब्लॉक मागा. खडीचे दगड आणि फरशीचे तुकडे पाय लागताच सरकतात. समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत, म्हणजे रत्नागिरी, अलिबाग किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर, उघड्या हवेतल्या काँक्रीटला आयएस ४५६ प्रमाणे ४५ मिमी कव्हर आणि किमान एम ३० काँक्रीट लागतं. तिथल्या शीटवर पुण्याचेच आकडे दिसले तर ती शीट कॉपी केलेली असण्याची शक्यता आहे. विचारा.

`50d` म्हणजे जोड देताना दोन सळया जाडीच्या ५० पट लांबीत एकमेकींना चिकटून जायला हव्यात: १२ मिमीला ६०० मिमी, १६ मिमीला ८०० मिमी. पण जोड कुठे आहे हे त्याच्या लांबीइतकंच महत्त्वाचं. कॉलमचा जोड मोकळ्या उंचीच्या मधल्या अर्ध्या भागात हवा, आणि सगळ्या सळयांचा एकाच ठिकाणी नको. हिशोब करू. स्लॅबच्या वरून पुढच्या बीमच्या तळापर्यंत २५५० मिमी असेल तर मधला अर्धा भाग सुमारे ६४० मिमीपासून १९१० मिमीपर्यंत. त्यात १६ मिमीचा ८०० चा जोड ६४० पासून सुरू केला तरी खालच्या सळया स्लॅबच्या वर किमान १४४० मिमी निघालेल्या पाहिजेत, म्हणजे जवळजवळ पावणेपाच फूट. साइटवर स्लॅबच्या वर सोडलेले हे सळयांचे तुकडे, म्हणजे स्टार्टर, नेहमी तीन फुटांचे. स्लॅब भरल्यावर ते लांब करता येत नाहीत, म्हणून ही उंची पहिला स्लॅब भरण्याच्या आधी मोजायची. कॉलममध्ये आणि कॉलमच्या तोंडाशी बीमचा जोड दिसला तर तोही लिहून ठेवा.

सळई तेवढ्याच जाडीची आहे का

साइटवर मिलिमीटर कोणी बोलत नाही. ८ मिमीला अडीच सूत, १० ला तीन सूत, १२ ला चार सूत, १६ ला पाच सूत. "चार सुती टाकलंय" म्हणजे १२ मिमी.

टीएमटी सळईवर कंपनीचं नाव, ग्रेड आणि बहुधा जाडीही थोड्या थोड्या अंतरावर उठावात छापलेली असते. तेच आधी वाचा. व्हर्नियरने जाडी मोजली तर सळईवरच्या कंगोऱ्यांमुळे आकडा फसवतो. खात्रीचा उपाय वजन. जाडीच्या वर्गाला १६२ ने भागलं की मीटरला किलो मिळतात. १२ मिमी म्हणजे १४४ भागिले १६२, ८८८ ग्रॅम. ८ मिमीचं वजन ३९५ ग्रॅम, १० चं ६१७ ग्रॅम, १६ चं १ किलो ५८० ग्रॅम. एक मीटरचा तुकडा कापून किराणा दुकानाच्या काट्यावरही तोलता येतो. आयएस १७८६ मध्ये १० मिमीपर्यंत ७ टक्के आणि त्याहून जाड, १६ मिमीपर्यंतच्या सळईला ५ टक्के फरक चालतो. १२ मिमीचा तुकडा ८४० ग्रॅमपेक्षा हलका भरला तर तो लॉट बाजूला ठेवायला सांगा.

"बारा संपलं, त्याच्याऐवजी दहाच्या चार टाकतो" असं कधी ना कधी ऐकायला मिळेल. १२ मिमीच्या तीन सळयांचं क्षेत्रफळ ३३९ चौरस मिमी. १० मिमीच्या चारांचं ३१४. चार सळया दिसायला जास्त, लोखंड कमी. पाच टाकल्या तर क्षेत्रफळ भरतं, पण २३० च्या बीममध्ये पाच सळया बसल्यावर मधून खडी उतरेल का हा प्रश्न उभा राहतो. अशा बदलाला तुम्ही किंवा मुकादमाने होकार द्यायचा नाही, इंजिनिअरचा मेसेज आला तरच.

गॅलरी आणि स्लॅब

स्लॅबचं शेड्यूल वाचणं सोपं आहे: `S1`, जाडी १२५, मुख्य सळई `8Ø @ 150 c/c`. `c/c` म्हणजे एका सळईच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत. मीटरभर टेप टाका आणि किती सळया पडतात ते मोजा. खोलीच्या आखूड बाजूला समांतर जाणाऱ्या सळया खाली, लांब बाजूच्या त्यांच्यावर.

गॅलरीपाशी मात्र थांबा. एका बाजूने धरलेल्या, पुढे लोंबणाऱ्या स्लॅबमध्ये आणि बीममध्ये मुख्य लोखंड वरच्या अंगाला असतं. ड्रॉइंगच्या छेदात ठिपके वर दिसतील, आणि त्या सळया गॅलरी जेवढी बाहेर गेली आहे त्यापेक्षा जास्त लांब घरातल्या बाजूला शिरलेल्या दिसतील. साइटवर दोन गोष्टी होतात. कधी सवयीने जाळी खालीच बांधतात. कधी वर बांधलेली जाळी काँक्रीट ओतताना माणसांच्या पायाखाली दबून खाली बसते. म्हणून सळयांच्या खुर्च्या दर मीटरला हव्यात, आणि काँक्रीट गॅलरीपाशी पोहोचतं तेव्हा एक माणूस जाळी उचलून धरायला तिथे उभा हवा.

कधी तपासायचं आणि काय कळवायचं

बीमच्या सळया स्लॅबची जाळी अंथरण्याआधी बघायच्या. जाळी पडल्यावर बीमच्या पोटात हात जात नाही. आदल्या दिवशी दुपारी गेलात तर दुरुस्तीला संध्याकाळ मिळते. काँक्रीटची गाडी गेटवर आल्यावर काढलेली चूक कोणीच सुधारत नाही.

एकेका बीमपाशी शेड्यूलची ओळ वाचत जा, आणि जे जुळलं त्याच्यावर शीटवर टिक करा. जे जुळलं नाही त्याचा फोटो काढा, फोटोत टेप आणि खडूने लिहिलेलं नाव दोन्ही दिसू देत. बार बेंडरला स्वतः "अजून एक टाक" असं सांगू नका. जास्तीचं लोखंडही चुकीच्या जागी अडचण करतं, आणि मग ड्रॉइंगप्रमाणे काम झालं नाही असं म्हणायला सगळ्यांनाच मोकळीक मिळते. इंजिनिअरला मेसेज असा जावा: "पहिला स्लॅब, शीट `R1`. `B4` ला `C5` वर एक्स्ट्रा टॉप `2-12Ø` आहे, जागेवर एकच दिसते, लांबी ७०० मिमी. टोकाच्या ९५० मिमीत ७ रिंगा आहेत, ११ हव्यात. फोटो जोडलेत. उद्या सकाळी आठला काँक्रीट ठरलंय." बहुतेक इंजिनिअर असा मेसेज आला की लगेच फोन करतात. त्यांचं उत्तर येईपर्यंत काँक्रीटची ऑर्डर पक्की करू नका.